मदत हवी आहे: क्वालिटी इंजिनिअरच्या जेडीसाठी यातले कोणते रेझ्युमे पाठवू?

मुळाकाठची

पुण्यातल्या एका छोट्या रिक्रुटमेंट एजन्सीत आहे. आतापर्यंत आयटीच्याच पोझिशन्स केल्या, त्यामुळे हे क्षेत्र नवीन. क्लायंट चाकणचा. गाड्यांसाठी अॅल्युमिनियमचं प्रेशर डाय कास्टिंग करतात आणि त्याच पार्टचं मशिनिंगही. पोझिशन सीनियर इंजिनिअर, क्वालिटी. डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल, ५ ते ८ वर्षं, साडेआठ लाखांपर्यंत.

जेडीत पहिल्या ओळी अशा: ग्राहकाच्या तक्रारींवर ८डी वेळेत बंद करणे, ग्राहकाच्या प्लांटला भेटी, लाइन रिजेक्शन कमी करणे. मग पीपीएपी, एमएसए, एसपीसी, सीएमएम, आयएटीएफ १६९४९ चं इंटर्नल ऑडिट, आणि शेवटी नेहमीचं 'उत्तम संवादकौशल्य'.

एका पोझिशनला तीनच प्रोफाइल घेतात. माझ्याकडे हे तिघे आहेत:

अ: बीई, ६ वर्षं, शीट मेटलच्या प्रेस शॉपमध्ये. जेडीतला प्रत्येक शब्द रेझ्युमेत आहे. नोटीस ३० दिवस.

ब: डिप्लोमा, ७ वर्षं, वाळूजच्या डाय कास्टिंग कंपनीत. एक पानी रेझ्युमे. 'पोरॉसिटी रिजेक्शन कमी केले, कस्टमर एंड हाताळले' एवढंच. पीपीएपी हा शब्दच नाही. नोटीस ६० दिवस.

क: बीई, ४ वर्षं २ महिने, भोसरीच्या मशीन शॉपमध्ये. सीएमएमचे प्रोग्रॅम स्वतः करतो. नोटीस १५ दिवस.

आमचं सॉफ्टवेअर अ ला सगळ्यात वर दाखवतंय आणि ब ला तळाला. बॉस म्हणतात अ आधी पाठव. मला ब जास्त जवळचा वाटतोय, पण का ते सांगता येत नाहीये.

सोर्सर_किंग

सोपं आहे. क्लायंटचा एचआरसुद्धा पोर्टलवर शब्द टाकूनच शोधतो. ब मध्ये पीपीएपी नसेल तर तो कुणाच्या नजरेलाच पडणार नाही. तूच त्याच्या रेझ्युमेत स्किल्सची एक ओळ टाक, पीपीएपी, एमएसए, एसपीसी, आणि पाठवून दे. सगळे करतात.

गेजरूम

शब्दांचं म्हणणं बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. ती ओळ तुम्ही टाकली आणि मुलाखतीत त्याला विचारलं की बाबा, शेवटचं पीपीएपी कोणत्या लेव्हलचं दिलंस, तर तो काय सांगणार? तोंडघशी तोच पडेल, आणि पुढच्या वेळी तुमचे रेझ्युमे क्लायंट संशयाने वाचेल. त्याला फोन करा. काम केलं असेल तर त्यानेच लिहून परत मेल करावं.

आता जेडी. मी बरीच वर्षं क्वालिटीत काढली आहेत. अशा जेडीतल्या पहिल्या दोन-तीन ओळी बहुतेक वेळा विभागप्रमुखाच्या असतात, बाकीचं एचआर जुन्या फाइलमधून चिकटवतो. इथे त्या ओळी ग्राहकाच्या आहेत. म्हणजे त्यांना गेज तपासत बसणारा माणूस नकोय. ग्राहकाच्या लाइनवर पार्ट अडकला की तिथे जाऊन उभा राहणारा आणि परत येऊन मूळ कारण शोधणारा हवाय.

डाय कास्टिंगमध्ये खरी भानगड अशी की पोरॉसिटी पोटात असते. कास्टिंग बाहेरून चकाचक दिसतं. मशिनिंग करून वरचा थर गेला की भोकं उघडी पडतात, कधी तर थेट ग्राहकाच्या लीक टेस्टला. मग कास्टिंगवाले मशिनिंगकडे बोट दाखवतात, मशिनिंगवाले कास्टिंगकडे. ही भांडणं ज्याने निस्तरली आहेत तो माणूस वेगळा. शीट मेटलमध्ये बर, क्रॅक, सुरकुत्या हे दोष असतात, बहुतेक डोळ्यांना दिसणारे. तोही माणूस हुशार असू शकतो, पण इथे त्याला प्रक्रिया पहिल्यापासून शिकावी लागेल.

तिघांनाही एकच प्रश्न विचारा: ग्राहकाकडून आलेली एक तक्रार पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत सांग. मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' आणि उपाय म्हणून 'ट्रेनिंग दिलं' असं आलं, तर त्याने ८डीचा फॉर्म भरलाय, ८डी केलेला नाही.

निखिल_मेक

मीपण डिप्लोमा मेकॅनिकल, २०२३ पासआउट. सीएमएमचा कोर्स केलाय. रेझ्युमे कुठे पाठवू? तुम्ही कन्सल्टंट लोक आधी फोन करता आणि मग कळवतसुद्धा नाही.

मुळाकाठची

निखिल, ही पोझिशन अनुभवी लोकांसाठी आहे, पण व्यनि कर, ट्रेनीची निघाली तर सांगेन. न कळवण्याबद्दलचं बोलणं रास्त आहे.

गेजरूम सर, फोन केले. अ ने नेमकं तेच सांगितलं: बर राहिली होती, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, तक्रार बंद. ब ला विचारल्यावर तो थांबेचना. ग्राहकाच्या असेंब्लीत एक हाउसिंग गळत होतं. आधी तिकडचा आणि यांचा दोन्हीकडचा स्टॉक वेगळा काढला. मग पार्ट कापून पाहिला तर ड्रिल होतं त्याच जाड बॉसमध्ये पोरॉसिटी. तिथल्या कोअर पिनला कूलिंग दिलं, तोवर प्रत्येक पार्टची लीक टेस्ट केली, मग पीएफएमईए आणि कंट्रोल प्लॅन बदलला. पीपीएपीचं विचारलं तर म्हणाला, डायमेन्शनल रिपोर्ट आणि एमएसए मी करायचो, वॉरंटवर सही मॅनेजरची असायची, म्हणून लिहिलं नाही.

गेजरूम

मग पाठवा की! सही मॅनेजरचीच असते बहुतेक ठिकाणी. त्याला लिहायला सांगा, 'पीपीएपीसाठी डायमेन्शनल रिपोर्ट आणि एमएसए तयार केले'. तेवढंच, जास्त नाही. एमएसएची खात्री करायची असेल तर गेज आर अँड आर किती आलं की चालतं ते विचारा. १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० मध्ये परिस्थिती बघून, ३० च्या वर गेज बाद. हे खरंच केलेल्याला आठवावं लागत नाही.

नोटीस_पिरियड

मी स्वतः कन्सल्टंट आहे, या चर्चेत एक गोष्ट राहिली. ब कडून मेलवर लेखी घ्या की या कंपनीच्या या पोझिशनसाठी तुमच्याच एजन्सीने नाव पाठवावं. आणि गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्या कुणी किंवा त्याने स्वतः तिथे रेझ्युमे टाकलाय का तेही विचारा. ज्याची एंट्री आधी त्याची फी, असंच बहुतेक करारांत असतं. ६० दिवसांची नोटीस कव्हरिंग नोटमध्येच लिहा, शेवटपर्यंत दडवू नका. बायआउट चालेल का ते क्लायंटला ठरवू दे.

क बद्दल माझं मत गेजरूम यांच्यापेक्षा वेगळं असेल. ५ वर्षांची अट काही कंपन्यांत ग्रेडशी बांधलेली असते, तिथे १० महिने कमी म्हणजे सरळ बाद.

गेजरूम

असेल. पण हे मशिनिंगही करतात, आणि पोरॉसिटी उघडी पडते ती मशिनिंगलाच. मी असतो तर क ला भेटलो असतो. अ ला नाही.

सोर्सर_किंग

तीन जागा आहेत तर तिन्ही भरा ना. अ ला पाठवल्याने काय बिघडतं? एचआरला संख्या दिसते.

मुळाकाठची

बॉसही हेच म्हणताहेत. ब चा सुधारलेला रेझ्युमे आणि संमतीचा मेल आला, त्याने तिथे आधी अर्ज केलेला नाही, म्हणून त्याचं नाव आजच पाठवलं. नोटमध्ये गळतीची केस चार ओळींत आणि नोटीस ६० दिवस असं स्पष्ट लिहिलं. क साठी एचआरला फोन केला, ५ वर्षं पक्की आहेत का म्हणून. त्या म्हणाल्या विभागप्रमुख ग्राहकाच्या ऑडिटमध्ये अडकलेत, सोमवारी विचारून सांगते. तोवर क ला थांबवून ठेवलंय. तिसऱ्या जागेवरून बॉसशी वाद चालू आहे. डाय कास्टिंग नाही तर निदान फाउंड्रीत कस्टमर क्वालिटी केलेलं कुणी पाहण्यात असेल तर सांगा.