मुंबईत रिक्षाचा अंदाज

> सात किलोमीटरला १७.१४ प्रमाणे १२० आणि वर किमान भाडं २६, म्हणजे १४६ होतील ना?

नाही, २६ रुपये वेगळे मिळवायचे नाहीत. त्यात पहिले दीड किलोमीटर आलेच. फेब्रुवारी २०२५च्या दरांनी उरलेल्या साडेपाचाचे ९४ होतात, म्हणजे एकूण १२०.

खरं तर वजाबाकीही नको. दीड गुणिले १७.१४ म्हणजे जवळपास २६च, त्यामुळे दीडपेक्षा जास्त जायचं असेल तर सगळं अंतर थेट दरानं गुणा. टॅक्सीलाही तसंच: २०.६६ चा दर, किमान ३१. मध्यरात्री ते पहाटे पाच सव्वापट, म्हणजे रिक्षाचे १२० चे १५०. सिग्नलला, गर्दीत थांबलात तर मीटर थोडा पुढे सरकतो, तेवढे दहा-वीस जास्त हाताशी ठेवा.