'दर्शन घेऊन पाऊस सुरू झाला' : बरोबर की चूक?

मीनल, राजारामपुरी
मुलगी पाचवीत आहे. निबंधात लिहिलंय, "आम्ही अंबाबाईचं दर्शन घेऊन पाऊस सुरू झाला." मला खटकतंय. पण एकापाठोपाठ घडलेल्या गोष्टींना '-ऊन'च लावतात ना?

सुहास, शिवाजी पेठ
'घेतल्यावर' करा. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तरच '-ऊन', नाहीतर चूक. यात दुसरा विचारच नाही.

बाळकाका
'घेऊन' बरोबर आहे, 'घेवून' लिहिणारे चुकतात! गल्लीतल्या फलकांवर 'येवून', 'जावून' वाचून जीव जळतो. धातूतच 'व' असेल तर 'वून': ठेवून, जेवून, धावून. घे, ये, जा यांना 'ऊन'.

मीनल
काका, ते शुद्धलेखन झालं. मी विचारतेय, इथं हा प्रत्यय चालतो का.

विद्याताई, निवृत्त शिक्षिका
'घेतल्यावर'च हवं. पण सुहास, तुमच्या नियमाने "वीज पडून म्हैस मेली" हेही खोडावं लागेल. पडली वीज, मेली म्हैस, तरी वाक्य अस्सल मराठी आहे. पहिली गोष्ट कुणी ठरवून न करता आपोआप घडली आणि तिच्यामुळे दुसरी घडली, की कर्ते वेगळे चालतात. दर्शन आपण ठरवून घेतो, आणि पाऊस काही त्यामुळे येत नाही.

वर्गात मी '-ऊन'चा तुकडा बोटाने झाकायला लावायचे, फक्त कर्ता उघडा ठेवायचा. "आम्ही... पाऊस सुरू झाला." 'आम्ही' अधांतरी राहतं, मुलांना लगेच कळतं. मुलं याहून जास्त घसरतात ती "बाबांनी मिसळ खाऊन रंकाळ्यावर गेले" अशा वाक्यात. 'बाबांनी खाल्ली' डोक्यात असतं, म्हणून 'बाबांनी' येतं. झाकलं की उरतं "बाबांनी रंकाळ्यावर गेले". कर्त्याचं रूप शेवटचं क्रियापद ठरवतं: "बाबा मिसळ खाऊन गेले", पण "बाबांनी मिसळ खाऊन पैसे दिले".

सुहास
पण वीज-म्हशीचं वाक्य तुमच्या बोटाखाली टिकत नाही. "वीज म्हैस मेली" उरतं.

विद्याताई
खरं आहे, तिथं बोट पुरत नाही. तिथं पहिल्या गोष्टीमुळेच दुसरी घडली का, हे विचारावं लागतं.

किरण, कागल
आमच्या घरात "मी काम केलो" असंच म्हणतात. माझ्या पोराला 'बाबा पैसे दिले' खटकतच नाही. बोट ठेवून त्याला काय कळणार?

विद्याताई
घरची बोली चूक नाही, किरण. पण निबंधाच्या भाषेत 'ने'चा सराव आधी करून घ्या, झाकणं मग.

सुहास
बरं, हे सांगा: "राधानगरी धरण भरून स्वयंचलित दरवाजे उघडले." मला 'भरल्यावर'च पटतं.

विद्याताई
मला 'भरून' चालतं. भरल्यामुळेच तर उघडले.

सुहास
मला नाही. धरण भरलं आणि पूर्ण झालं, तिथं वाक्य थांबतं माझ्या कानात.

मीनल
'दर्शन घेतल्यावर पाऊस सुरू झाला' असं केलं. तिने स्वतःच बोट ठेवून पुढच्या परिच्छेदात "आईने नारळ फोडून बाहेर आली" पकडलं.