बयाणा, इसारा की अनामत? आणि ‘जप्त’ म्हणजे कधी?

शब्दवेडी
एका नगरपरिषदेच्या निविदेच्या अटी मराठीत करतेय. ईएमडीचं, म्हणजे निविदा भरताना ठेवायच्या रकमेचं, कलम आहे. मी लिहिलं, ‘अयशस्वी निविदाकारांची अनामत रक्कम परत केली जाईल, विहित मुदतीत माघार घेतल्यास अनामत जप्त होईल.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘अनामत’ खोडून ‘बयाणा रक्कम’ केलं. त्यावर तिथले एक साहेब म्हणाले, आमच्याकडे ‘इसारा रक्कम’च छापतात. माझ्या आईच्या मते इसारा फक्त जमिनीच्या व्यवहारात असतो. आता काय ठेवू?

बी१वाला
तिन्ही चालतात. बांधकाम खात्याच्या कागदांत मी बयाणाही पाहिलाय आणि इसाराही. ‘अनामत’ मात्र नको. काम मिळाल्यावर जी भरतो ती सुरक्षा अनामत, आणि ती वेगळी. दोन्हीकडे अनामत लिहिलंत तर बिल काढणारा बाबू चुकीची रक्कम अडकवून ठेवेल.

संस्कृतप्रेमी
बयाणा हा अरबी ‘बय’ म्हणजे विक्री, त्यावरून आलेला. आपल्याकडे ‘सत्यंकार’ हा शब्द असताना ही उसनवारी कशाला? अमरकोशात सत्यापन, सत्यंकार, सत्याकृति असे तीन प्रतिशब्द आहेत. आणि याज्ञवल्क्यस्मृतीत सरळ नियमच दिलाय: ‘सत्यंकारकृतं द्रव्यं द्विगुणं प्रतिदापयेत्’.

बी१वाला
म्हणजे खात्याने काम दिलं नाही तर दुप्पट परत? असा नियम आला तर मी संस्कृत शिकायला तयार आहे.

शब्दवेडी
सत्यंकार लिहिलं तर ठेकेदार फोन करून विचारतील, ही कुठली फी? पण जुन्या मराठीत ‘संचकार’ म्हणत, तो यातूनच आला असावा ना?

संस्कृतप्रेमी
हो, तोच. आता तो शब्द कुणाच्या तोंडी राहिला नाही, एवढंच.

सोपान_माळी
आमच्यात बैलबाजारात विसार म्हणतात. ‘विसार दिला’ म्हणजे बैल बांधून ठेव, दुसऱ्याला दावू नको. विसार हा ‘विश्वास’चा अपभ्रंश आहे असं माझे आजोबा सांगायचे.

संस्कृतप्रेमी
विश्वासचा विसार होणं मला पटत नाही. पण दुसरी व्युत्पत्ती माझ्याकडेही नाही.

पर्वरीकर
माझाही प्रश्न यातच बसेल. मी फ्लॅटसाठी बिल्डरला टोकन दिलं होतं. कर्ज नामंजूर झालं, तर तो म्हणतो टोकन जप्त. हे ईएमडीच ना?

निवृत्त_लेखापाल
पर्वरीकर, ते नाही. तुमचं ते खरेदीच्या करारातलं प्रकरण आहे, तिथे पावतीवर काय लिहिलंय ते आधी बघावं लागेल. इथे चर्चा आहे ती करार होण्याच्या आधीच्या पैशाची.

शब्दवेडीताई, नावापेक्षा तुमच्या वाक्यातलं ‘जप्त’ मला जास्त खटकलं. लोकांच्या डोक्यात ‘डिपॉझिट जप्त’ म्हणजे निवडणूक. एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत की गेलं. तिथे वाईट हरण्याची शिक्षा आहे. निविदेत नेमकं उलटं असतं: हरलेल्याचे पैसे सुखरूप परत येतात, अडकतो तो जिंकून मागे फिरणारा. पन्नास लाखांचं काम धरा, बयाणा दोन टक्के म्हणजे एक लाख. पाच जणांनी भरला. दर उघडल्यावर चौघे मागे पडले, त्यांचे लाख-लाख परत. पहिल्याचा दर सगळ्यांत कमी, पण त्याच्या लक्षात आलं की खडीचा दर धरायला विसरलो. दराची वैधता नव्वद दिवस होती आणि साठाव्या दिवशी त्याने पत्र दिलं, मला काम नको. त्याचा एक लाख गेला. वर्कऑर्डर निघालेली नसली तरी गेला.

बी१वाला
बरोबर. एकदा निविदा अपलोड केली की माघार घेतली तर ईएमडी गेलीच.

निवृत्त_लेखापाल
एकदा अपलोड केली की नाही हो. भरण्याची शेवटची तारीख-वेळ संपण्याआधी माघार घेता येते, पैसेही परत मिळतात. धोका त्यानंतर सुरू होतो आणि वैधता संपेपर्यंत राहतो. आणि वैधता संपत आली म्हणून खात्याने मुदतवाढ मागितली, ती तुम्ही नाकारली, तर सर्वसाधारण अटींप्रमाणे त्यापायी पैसे जात नाहीत. आमच्या टेबलावर यावरून फार भांडणं व्हायची. ठेकेदार म्हणायचा मी मुदतवाढ दिली नाही, आणि फायलीत त्याचंच होकाराचं पत्र सापडायचं.

बी१वाला
पण करारच झाला नाही तर पैसे ठेवायचा हक्क कसा? प्रस्ताव स्वीकारण्याआधी मागे घेता येतो, हा तर करार कायदाच आहे.

निवृत्त_लेखापाल
हाच मुद्दा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस खटल्यात आला होता, २००३ साली. पथकर वसुलीची निविदा होती. प्रस्ताव मागे घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला नाही. पण बयाणा घेतात तोच मुळी करार अस्तित्वात यावा म्हणून, तेव्हा मुदतीत मागे घेतल्यास तो जाईल ही अट आधी मान्य केली असेल तर ती लागू होते, असा निकाल दिला.

शब्दवेडी
म्हणजे ‘जप्त’ चुकीचं नाही, पण फसवं आहे. मग काय लिहू? विधी शब्दावलीत ‘समपहरण’ आहे.

सोपान_माळी
सम-प-ह-रण. अपहरण झाल्यासारखं वाटतंय.

संस्कृतप्रेमी
हसू नका. जप्ती ही उठवता येते, समपहरण कायमचं. जप्ती दुसऱ्याच्या ताब्यातल्या वस्तूवर येते. इथे पैसे आधीच खात्याकडे आहेत, मग जप्त काय करणार?

निवृत्त_लेखापाल
हे मात्र पटलं. आम्ही टिपणीत ‘सरकारजमा करण्यात यावी’ लिहायचो.

शब्दवेडी
नगरपरिषद आहे, सरकारजमा कसं चालेल?

निवृत्त_लेखापाल
मग ‘नगरपरिषदेच्या निधीत जमा करून घेण्यात येईल’. लांब आहे, पण वाचणारा घाबरायचा तिथेच घाबरेल.

बी१वाला
लांब वाक्यं ठेकेदार वाचत नाही. ‘जप्त’ वाचतो.

पर्वरीकर
माझ्या टोकनचं कुणी सांगाल का? पावतीवर फक्त ‘बुकिंगपोटी’ असं लिहिलंय.

बी१वाला
ते राहू द्या, काका, मला एक सांगा. ऑनलाइन भरलेली ईएमडी ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत येते ना? माझ्या मेव्हण्याने भागीदाराच्या खात्यातून भरली. काम तिसऱ्याला मिळालं. आता भागीदारी मोडलीये आणि तो भागीदार फोन उचलत नाही.

निवृत्त_लेखापाल
हो, त्याच खात्यात येते. खातं चालू असेल तर पैसे भागीदाराकडे पोचलेही असतील, तो हिशेब तुमच्या मेव्हण्याने त्याच्याशीच करायचा. खातं बंद असेल तर परतावा फेल होऊन मागे येतो आणि खात्याकडे लेखी अर्ज करावा लागतो, फर्मच्या कागदांसकट. कुठलं पोर्टल होतं?

सोपान_माळी
आमच्याकडे बैल परत केला तर विसार बैलाबरोबरच परत येतो. खातं लागत नाही.

शब्दवेडी
मी ‘बयाणा रक्कम’ ठेवतेय. ‘जप्त’चं तपासणाऱ्या बाईंना विचारते. त्यांनी आत्ताच ‘निविदाकार’ खोडून ‘बोलीदार’ केलंय.

संस्कृतप्रेमी
बोलीदार तर लिलावात असतो!