'एफर्ट' म्हणजे प्रयत्न, आयास की जड जाणे? प्रश्नावलीतील एका विधानाबद्दल

मृण्मयी_व
नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या 'सीईएस-डी' या वीस विधानांच्या प्रश्नावलीचे मराठी भाषांतर आम्ही करत आहोत. प्रत्येक विधान गेल्या आठवड्यात किती दिवस आपल्याला लागू पडले, हे उत्तरदात्याने सांगायचे असते आणि त्याला ० ते ३ गुण मिळतात. सातवे विधान आहे, 'आय फेल्ट दॅट एव्हरीथिंग आय डिड वॉज ॲन एफर्ट'. पहिल्या मसुद्यात त्याचे मराठी असे झाले: 'प्रत्येक गोष्टीसाठी मला प्रयत्न करावे लागत आहेत, असे वाटले.' मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या भाषांतरकाराने याचे परत इंग्रजी केले, तेव्हा 'एफर्ट' हा शब्द जागच्या जागी आला आणि वाक्य मुळाशी छान जुळले.

पूर्वचाचणीत मात्र एका बाईंनी या विधानाला 'पाच ते सात दिवस' असे उत्तर दिले, आणि 'मी आनंदी होते' या विधानालाही तेच. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'मी हातात घेतलेल्या प्रत्येक कामात प्रयत्न करते, कंटाळा करत नाही.' म्हणजे नैराश्याचे पूर्ण तीन गुण त्यांना उद्योगीपणासाठी मिळाले. 'प्रयत्न'ऐवजी कोणता शब्द घ्यावा?

अक्षरवेल्हाळ
'प्रयत्न' हा शब्द मराठीत फार पूर्वीपासून गौरवाचा आहे. प्रयत्नवादी माणसाची आपण स्तुतीच करतो. तुम्हाला हवा आहे तो 'आयास'. जे आयासाशिवाय घडते ते अनायास, हे सर्वांना ठाऊक असते, मग मूळ शब्दच परका का वाटावा? 'प्रयास' आणि 'सायास' ही त्याचीच भावंडे असून तिन्हींच्या मुळाशी 'यस्' हा धातू आहे, तर 'प्रयत्न' 'यत्' धातूपासून आला. 'प्रत्येक गोष्ट सायासाने करावी लागत होती' हे शुद्ध आणि नेमके मराठी आहे.

कुंदा_लिहिते
व्युत्पत्ती पटली, पण प्रश्नावली मोठ्याने वाचून दाखवली जाणार असेल, तर 'सायासाने' ऐकून किती जणांना अर्थ लागेल? मी सरळ 'जिवावर येत होते' म्हणेन. काम करायचे जिवावर येणे, हे लहानथोर सगळे बोलतात.

दिगंत७
'जिवावर' या शब्दाने जिवाला धोका असल्याचा गैरसमज होणार नाही का? शिवाय मूळ प्रश्नच मला कळलेला नाही. आमच्या कार्यालयात करारपत्राचे भाषांतर प्रमाणित करायचे असले की दुसऱ्या भाषांतरकाराकडून तपासून त्याची सही घेतात आणि काम संपते. इथे परतीचे भाषांतर जुळले आहे, मग मराठी विधान बरोबरच ठरते. बाईंना प्रश्न कळला नाही, हा भाषांतराचा दोष कसा?

कुंदा_लिहिते
जिवावर बेतणे वेगळे आणि जिवावर येणे वेगळे. ही गल्लत कोणी करेल असे मला वाटत नाही.

जुना_अनुवादक
दिगंत, करारपत्र वाचणारा वकील शब्दाला बांधलेला असतो. प्रश्नावलीत मात्र उत्तरदात्याला जे कळते तेच मोजले जाते. परतीचे भाषांतर जुळले म्हणूनच इथे शंका यायला हवी होती. ब्रिस्लिन यांनी १९७० साली या पद्धतीवर लिहिलेल्या लेखातच असा इशारा आहे की, मधले भाषांतर सदोष असूनही परतीचे वाक्य जुळू शकते. दोन्ही भाषांतरकारांच्या डोक्यात शब्दांच्या ठरलेल्या जोड्या असतात. परतणारा माणूस कच्च्या वाक्यातूनही शहाणा अर्थ काढू शकतो. आणि मधल्या मजकुरात मूळ भाषेची घडण तशीच राहिली असेल, तर तिच्यावरून मुळाकडे जाणे सोपे होते. 'एफर्ट'चे 'प्रयत्न' आणि 'प्रयत्न'चे 'एफर्ट' ही तशीच ठरलेली जोडी आहे. तिच्यातून ओझ्याची छटा जाताना गळली आणि येताना आपोआप परत आली.

मृण्मयी, परतीचे भाषांतर करणारी व्यक्ती मानसशास्त्राची आहे का? १९७७ साली प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली त्या क्षेत्रात इतकी वापरली जाते की, मूळ समोर नसले तरी स्मरणात असते. मग ते भाषांतर स्वतंत्र उरत नाही.

कुंदाताईंच्या सूचनेत वेगळी अडचण आहे. 'जिवावर येणे' यात करण्याची इच्छा नसते. मूळ विधानातला माणूस काम करतो आहे, पण ते त्याला ओढत न्यावे लागते. विसावे विधान 'आय कुड नॉट गेट गोइंग' असे आहे, आणि 'जिवावर येणे' त्याच्या अधिक जवळचे आहे. तुम्ही ते सातव्यात वापरले, तर दोन विधाने जवळपास एकच गोष्ट विचारतील.

मृण्मयी_व
होय, त्या मानसशास्त्राच्याच आहेत, आणि प्रश्नावली त्यांच्या परिचयाची असणार. आता आमच्यापुढे 'जे काही करत होतो ते जड जात होते' असा पर्याय आहे, पण त्यात 'होतो की होते' हा लिंगाचा प्रश्न येतो.

जुना_अनुवादक
'साधे काम करणेही मला जड जात होते' असे लिहिल्यास लिंगाचा प्रश्न मिटतो. मात्र 'साधे' आणि 'ही' हे दोन्ही मुळात नाहीत, आणि त्यांनी विधान अधिक तीव्र होते. सौम्य लक्षणे असलेला माणूस कदाचित नकार देईल. 'प्रत्येक काम करणे मला जड जात होते' हे मुळाशी जास्त प्रामाणिक आहे. दोन्ही पर्याय घेऊन काही जणांशी बोला, पण 'कळले का' असे विचारू नका, कारण त्याला सगळे होच म्हणतात. 'हे तुमच्या शब्दांत सांगा' आणि 'गेल्या आठवड्यातला असा एखादा प्रसंग सांगा' असे विचारा. 'जड' ऐकून कोणी वजन उचलण्याचे किंवा गुडघेदुखीचे प्रसंग सांगू लागले, तर तो शब्दही तपासावा लागेल.

अक्षरवेल्हाळ
सगळ्यांना कळेल तेच वापरायचे म्हटले, तर भाषेत शेवटी शंभर शब्द उरतील. 'आयास' वापरून तरी पाहा. लोक शिकतात.

जुना_अनुवादक
शिकतील, पण उत्तर देत असताना नव्हे. त्या क्षणी न कळलेल्या शब्दाला माणूस बहुधा मधलाच पर्याय निवडतो, आणि ते उत्तर खऱ्या उत्तरासारखेच दिसते.

रानवारा
मी आरोग्य सर्वेक्षणासाठी मुलाखती घेते आणि मला याहून मोठी अडचण नकारार्थी विधानांची वाटते. आमच्या पत्रकात 'मला जेवावेसे वाटले नाही' असे विधान होते आणि पहिला पर्याय 'कधीच नाही' असा होता. भूक उत्तम असलेल्या माणसाने हाच पर्याय निवडावा, अशी अपेक्षा होती. पण मराठीत 'कधीच'ला 'नाही' लागतेच आणि दोन नकार मिळून होकार होत नाही. त्यामुळे 'जेवावेसे वाटले नाही, कधीच नाही' याचा अर्थ कित्येकांनी 'एकदाही जेवावेसे वाटले नाही' असा घेतला. इंग्रजीत परत नेल्यावर यातले काहीच दिसले नाही, कारण भाषांतरकाराला विधान आणि पर्याय वेगवेगळ्या पानांवर दिले होते.

मृण्मयी_व
आमच्या दुसऱ्या विधानात नेमके हेच आहे! आमचे पर्याय दिवसांचे आहेत आणि पहिला 'एका दिवसापेक्षा कमी' असा आहे, म्हणून हा गोंधळ होणार नाही असे गृहीत धरले होते.

रानवारा
छापील पर्याय दिवसांचे असले, तरी तोंडी विचारताना माणूस आधी 'नाही, कधीच नाही' म्हणतो आणि मुलाखतकार मनानेच चौकट भरतो. त्या दोन शब्दांवर खूण करायची नाही, तर 'म्हणजे किती दिवस?' असे पुन्हा विचारायचे, हे प्रशिक्षणात बजावून सांगा.

कुंदा_लिहिते
मग विधानच 'माझी भूक मंदावली होती' असे होकारार्थी का करू नये?

जुना_अनुवादक
करता येईल, पण मूळ विधानात खावेसे न वाटणे आणि भूक कमी असणे हे दोन्ही आहे. भूक लागते पण खावेसे वाटत नाही असे सांगणारे लोक भेटतात, आणि तुमच्या वाक्यात ते सुटतील.

अक्षरवेल्हाळ
'अन्नावरची वासना उडाली होती' यात दोन्ही येते.

कुंदा_लिहिते
आणि 'वासना' ऐकल्यावर लोक काय समजतील?