वजिरावजिरी कधी करायची? तुमचे अनुभव लिहा

गिरगावकर

रविवारी भाच्याला घेऊन दादरला शाळकरी मुलांच्या स्पर्धेला गेलो होतो. पालकांना हॉलच्या आत सोडत नाहीत, पण दाराच्या काचेतून शेवटच्या दोन पटांवरचं सगळं दिसत होतं. तिथे एक डाव बघितला आणि आमच्या चाळीतले तळमजल्यावरचे काका आठवले.

काकांचा एकच नियम होता. "मोहरं जास्त आहे ना? मग वजीर काढ. कमी आहे? मग वजीर सांभाळ." आम्हा पोरांना तो गायत्री मंत्रासारखा पाठ होता. त्याने डाव जिंकलेही जायचे, कारण समोरच्याकडे वजीर उरला नाही की त्याचे हल्ले, शहांवर शह, सगळंच थंड पडायचं.

आता रविवारचा डाव. पांढऱ्याकडे वजीर, पांढऱ्या घरांतला उंट आणि एच-४ वर एक प्यादं. काळ्या बाजूच्या पोराकडे नुसता वजीर. म्हणजे एक उंट आणि एक प्यादं कमी, आणि तरी त्याने स्वतःहून वजीर वजिरासमोर आणून ठेवला! माझ्या शेजारचे एक बाबा "गेला, संपला" म्हणाले. पण थोड्या वेळाने डाव बरोबरीत सुटला आणि पोरगं हसत वडापाव खायला बाहेर आलं.

मग काकांचा नियम कुठे चालतो, कुठे नाही? तुमचे किस्से टाका.

विन्या

मी पहिला! काका बरोबरच होते. साधा हिशोब आहे. सुरुवातीला दोघांकडे ३९ गुण. घोडा मारलात तर ३९ विरुद्ध ३६, काही जाणवतही नाही. मग वजीर काढा, हत्ती काढा, प्यादी काढा, दिसेल ते मारत सुटा. शेवटी ३ विरुद्ध ०. विषय संपला. ते पोरगं नशिबाने वाचलं असणार.

सईची आई

आमच्या सईचा वजीर गेला की ती रडायलाच लागते, मग बदल्यात समोरचा वजीर मिळाला असला तरी. वय सात. ठाणे पश्चिमेला कुणी शांत स्वभावाचे सर माहीत आहेत का? आधीचे फार ओरडायचे.

प्यादेमास्तर

विन्या, तुझ्या ३ विरुद्ध ० मध्येच गोम आहे. ते ३ म्हणजे एकटा घोडा किंवा एकटा उंट. एकट्या घोड्याने मात होत नाही, एकट्या उंटानेही नाही. सगळं मारत सुटलास तर जिंकलेला डाव बरोबरीत नेशील. पुढे असताना मोहरी काढायची, प्यादी ठेवायची, कारण त्यातलंच एखादं पुढे वजीर होणार असतं. मागे असलेल्याने उलट करायचं, प्यादी काढत जायची आणि मोहरी ठेवायची. काकांच्या नियमाचा हा अर्धा भाग तुम्हा पोरांपर्यंत पोचला नसावा.

गिरगावकर, त्या डावात राजे कुठे होते आठवतंय का? आणि आधीची चाल काय होती?

गिरगावकर

काळा राजा जी-७ वर. पांढरा एफ-४ वर, उंट त्याच्या शेजारी ई-४ वर. पांढऱ्याने वजीर डी-४ वर आणून शह दिला. काळ्याचा वजीर ए-६ वर होता, तो त्याने मध्ये एफ-६ वर घातला.

बाबा_कुर्ल्याचे

२००० साली लंडनला क्रामनिकने कास्पारॉव्हला असंच केलं होतं. बर्लिन बचाव, आठव्या चालीपर्यंत वजीर पटाबाहेर. कास्पारॉव्हला त्या मॅचमध्ये एकही डाव जिंकता आला नाही, जगज्जेतेपद गेलं.

प्यादेमास्तर

बाबा, तिथे माल दोघांकडे सारखा होता. समोरच्याला जे खेळायला आवडतं तेच काढून घ्यायचं, हे ते तंत्र. इथे प्रश्न माल कमी-जास्त असतानाचा आहे.

आता रविवारचा डाव. काळ्याने वजीर एफ-६ वर घातला तेव्हा नुसता शह अडवला नाही, त्याच उभ्या रांगेतल्या पांढऱ्या राजाला उलटा शहही दिला. आता पांढरा काय करणार? राजा जी-४ ला नेला तर डी-४ वरचा वजीर फुकट जातो. ई-३ ला आणून वजिराला जोर दिला तर काळा स्वतःच वजीर मारतो आणि मारामारी होतेच. उंट एफ-५ वर मध्ये घातला तरी वजीर जातोच. म्हणजे वजिरावजिरी सक्तीची.

ती झाल्यावर काळा राजा एफ-६ वर. तिथून जी-७ आणि मग एच-८ च्या कोपऱ्यात. एच-८ हे काळं घर आणि पांढऱ्याचा उंट पांढऱ्या घरांतला. उंट जन्मात तो कोपरा धरू शकत नाही. प्यादं एच-७ पर्यंत आलं तरी राजा कोपऱ्यातून हलत नाही, आणि जबरदस्ती केली तर स्टेलमेट. उंट काळ्या घरांतला असता, किंवा प्यादं जी रांगेत असतं, तर हीच वजिरावजिरी म्हणजे काळ्याने पत्करलेली हार. नशीब वगैरे नाही, पोराला कोपरा माहीत होता.

पांढऱ्याची चाल बिघडली ती शह देण्याच्या घाईत. आधी राजा जी-३ ला नेला असता तर पुढे तोच शह देता आला असता. वजीर एफ-६ वर आला तरी तो शह नसता, आणि पांढऱ्याला वजीर बाजूला घेऊन डाव चालू ठेवता आला असता. वजीर पटावर असताना जादा उंट फार त्रास देतो. म्हणजे इथे वजिरावजिरी टाळायची जबाबदारी पुढे असलेल्याची होती.

विन्या

एवढं शाळकरी पोराने बघितलं?? आमच्या वेळी आम्ही कोपऱ्यात फक्त उठाबशा काढल्या.

लोकलवाला

ठाणे ते सीएसएमटी रोज फोनवर खेळतो, त्यामुळे माझी बुद्धी मुलुंडनंतर उघडते. गेल्या आठवड्यात घोडा वर होतो, पण समोरच्याचा वजीर एच-४ वर, घोडा जी-४ वर, आणि माझ्या एच-२ वर दोघांचा डोळा. जपायच्या ऐवजी माझा वजीर सरळ त्याच्या वजिरासमोर नेऊन ठेवला, मागे जोर लावून. मारलं तर घोडा वर असलेला साधा डाव, नाही तर पळ. तो पळाला. पुन्हा समोर गेलो. पुन्हा पळाला. तेवढ्यात माझे दोन्ही हत्ती मधल्या रांगांत येऊन बसले आणि त्याचा घोडा एकटा पडला. वजिरावजिरी झालीच नाही, आणि भायखळ्याला त्याने राजीनामा दिला. मास्तर, याला काय म्हणायचं?

प्यादेमास्तर

नाव काही का असेना, पण मोठ्या खेळाडूंच्या डावात हे सारखं दिसतं. मागे असलेल्याला वजीर काढणं परवडत नाही, म्हणून प्रत्येक वेळी त्यालाच हटावं लागतं. तुला फुकट चाल मिळते आणि वजिराला चांगलं घर. फक्त तुझ्या वजिराला जोर आहे ना, आणि त्याने मारल्यावर तुझी प्यादी मोडत नाहीत ना, एवढं आधी बघायचं.

माधवकाका

आमच्या बँकेतल्या स्पर्धेची गोष्ट. माझ्याकडे एक प्यादं कमी. दोघांकडे वजीर आणि एकेक उंट, पण माझा काळ्या घरांतला आणि साहेबांचा पांढऱ्या. साहेबांनी घाईने वजीर मारला, मी परत मारला, ते हात चोळत म्हणाले, "आता जिंकलो." मी राजा आणि उंट त्यांच्या प्याद्यापुढे काळ्या घरांवर बसवले. त्यांच्या उंटाला त्या घरांना हात लावता येईना. पुढे त्यांनी आणखी एक प्यादं मिळवलं, तरी बरोबरी. बढती मात्र त्या वर्षी मिळाली नाही, तिचा याच्याशी संबंध नसावा.

सईची आई

माधवकाका 😂 आणि मास्तर, तुम्ही शिकवता का?

प्यादेमास्तर

नाही हो ताई, रिटायर्ड माणूस, घरचे ऐकतात तेवढंच.

माधवकाकांचा डाव छान आहे. उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांतले असतील आणि एकच प्यादं वर असेल, तर पुढे असलेल्याने वजीर ठेवायचा. वजिराबरोबर तोच उंट हल्ल्याला कामाचा, कारण ज्या घरांवर तो मारतो ती समोरच्या उंटाला राखता येत नाहीत. वजीर गेला की तोच फरक बरोबरीच्या कामी येतो.

नेरळकर

मग मोहरं वर असेल तर काढा आणि प्यादं वर असेल तर विचार करा, असं म्हणायचं का?

प्यादेमास्तर

साधारण तसं. पूर्ण मोहरं वर असेल तर सहसा काढा, वर सांगितलेला कोपरा सोडून. एकच प्यादं वर असेल तर वजीर गेल्यावर कोण कुठे उभं असेल ते मोजा. एक उदाहरण पटावर मांडून बघा. वजीर गेलेत. पांढरा राजा ई-३, प्यादं ई-४, काळा राजा डी-६. चाल पांढऱ्याची. जिंकता येतं का?

विन्या

येणार की. प्यादं पुढे गेलंय.

प्यादेमास्तर

येत नाही. राजा प्याद्याच्या मागे अडकलाय. डी-४ ला आलास तर काळा ई-६ ला येतो, प्यादं ढकललंस की तो पुढ्यात उभा. आता प्यादं परत ई-२ वर ठेव, राजा त्याच्या पुढे ई-४ वर, काळा राजा समोर ई-६ वर. चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. पांढऱ्याची असेल तर प्यादं एक घर ई-३ वर ढकलायचं, मग काळ्या राजाला बाजू द्यावीच लागते आणि तुझा राजा पुढे घुसतो. प्यादं आधीच ई-३ वर असतं आणि चाल पांढऱ्याची असती, तर तीच बरोबरी. एका प्याद्याच्या डावात वजीर काढायच्या आधी राजा प्याद्यापुढे आहे का, एवढं तरी बघ.

विन्या

मांडलं. ई-२ वालं खरंच जिंकतंय. पण मास्तर, वजीर ठेवला तर समोरचा शहांवर शह देऊन बरोबरी करतोच ना? मग हे प्यादं जिंकायचं कसं?

प्यादेमास्तर

तो धोका आहेच, आणि वजीर आणि एक प्यादं विरुद्ध वजीर हे भलतं अवघड प्रकरण. राजाला लपायला प्यादी असतील तर ठेवा, उघड्यावर असेल तर काढा, असं मी म्हणतो. आमच्या क्लबातले एक जण कट्टर उलटे, "घड्याळात वेळ कमी असेल तर डोळे मिटून काढा" म्हणतात. त्यांचेही गुण माझ्याहून कमी नाहीत.

बाबा_कुर्ल्याचे

मेगाब्लॉक होता का हो रविवारी? दादरच्या स्पर्धेला आमचा पोरगा पहिल्या फेरीला उशिरा पोचला, पॉइंट गेला.

गिरगावकर

हार्बरला होता बहुतेक. भाच्याचाही पहिला डाव तसाच गेला. पुढची स्पर्धा विलेपार्ल्याला आहे म्हणतात, कुणाकडे माहितीपत्रक असेल तर टाका.