पायलटला ३० जणी, अल्फा ०.८०: आता इंटरव्हल कशाला?

खारघर_एमएस्सी
बारा प्रश्नांची मराठी प्रश्नावली, नर्सच्या कामाच्या ताणावर. ठाणे आणि नवी मुंबईतल्या चार रुग्णालयांत फिरून पायलटला ३० जणींकडून भरून घेतली. क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.८० आला. ०.७०च्या वर हवा असतो, तो आहे. आता परीक्षक म्हणतात कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या आणि त्यासाठी किती जणी लागतील तेही लिहा. आकडा पास झाल्यावर हा हट्ट म्हणजे विद्यार्थ्याला उगाच पळवणं आहे. चूक असेन तर सांगा.

वाशी_बायोस्टॅट
चूक आहात, आणि दर महिन्याला हीच चूक छापील प्रबंधात बघून माझा संयम संपलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा ०.८० हा त्या ३० जणींचा आहे. दुसऱ्या ३० जणी घेतल्या असत्या तर तो ०.८० आला नसता. किती हलला असता, तेच परीक्षक विचारताहेत. हे तीन ओळींत कळतं:

```r
k <- 12; a <- 0.80; n <- 30
se <- sqrt(2*k/((k-1)*(n-2)))
1 - exp(log(1-a) + c(1,-1)*1.96*se)
```

उत्तर येतं ०.६५ ते ०.८८. म्हणजे तुम्ही ज्या ०.७०च्या रेषेवर उड्या मारताय, ती या पट्ट्याच्या आत आहे. तुमची प्रश्नावली रेषेच्या वर आहे की खाली, हे ३० जणींवरून सांगताच येत नाही. पट्टा दोन्ही बाजूंना सारखा नाही हेही बघा: खाली १५, वर ८. म्हणून अल्फात सरळ अधिक-उणे करून चालत नाही, 1-a चा लॉग घ्यावा लागतो.

आता किती जणी. बोनेट यांचं २००२चं सूत्र घ्या. तुम्हाला ०.७५ ते ०.८५ एवढाच पट्टा हवा असेल तर ०.२५ला ०.१५ने भागा, त्याचा लॉग घ्या, ०.५१ येतो. १.९६ला त्याने भागून वर्ग करा, k म्हणजे प्रश्नांची संख्या धरून 8k/(k-1) ने गुणा, २ मिळवा. बारा प्रश्नांसाठी १३१. अर्धवट भरलेले फॉर्म धरून १५५ वाटा. एवढंच काम आहे, त्याला पळवणं म्हणू नका.

ठाणे_पश्चिम_३८४
एवढं सूत्र कशाला? दहा लाखांच्या लोकसंख्येलाही ३८४ पुरतात, तक्ता सगळ्यांकडे आहे. ३८४ लिहा, कुणी विचारत नाही. मी स्वतः दोन प्रकल्पांत लिहिलंय.

वाशी_बायोस्टॅट
कुणी विचारलं नाही, हे बरोबर असल्याचं लक्षण नाही. ३८४ हा टक्केवारीसाठी आहे. "किती टक्के नर्स रात्रपाळीला कंटाळल्या" असा प्रश्न असेल, निम्म्या-निम्म्या धरल्या आणि पाच टक्क्यांची चूक चालणार असेल, तर ३८४. त्यात प्रश्नावलीत किती प्रश्न आहेत आणि अल्फा किती अपेक्षित आहे, याचा पत्ताच नाही. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं.

पाचपाखाडी_काका
ताई, गणित तुमचं असेल, पण आमच्या वेळेपासून एका प्रश्नामागे दहा माणसं हा नियम चालत आलाय. बारा प्रश्न, १२० माणसं. तुमचे १३१, माझे १२०. मग एवढा आरडाओरडा कशासाठी?

वाशी_बायोस्टॅट
काका, या एका ठिकाणी जुळलं म्हणून नियम खरा होत नाही. हाच ०.७५ ते ०.८५चा पट्टा चार प्रश्नांच्या प्रश्नावलीला लावा. तुमचा नियम म्हणेल ४०, सूत्र म्हणेल १६०. आता चोवीस प्रश्न घ्या. तुमचा नियम २४०, सूत्र १२५. प्रश्न वाढले की तुमचा आकडा वर जातो आणि खरी गरज थोडी खाली येते, कारण k भागिले (k-1) हे एकाच्या जवळ सरकतं. तुमचा नियम फॅक्टर ॲनालिसिसमधून आलाय, तिथे त्याचा थोडा तरी उपयोग आहे.

पाचपाखाडी_काका
चार प्रश्नांचं मान्य. पण खारघरच्या मुलाला माझ्या नियमाने नुकसान झालं नसतं, एवढं तरी मान्य करा.

वाशी_बायोस्टॅट
या मुलाचं झालं नसतं. पुढच्याचं होईल.

कळवा_शिक्षिका
मला माझं सांगायचंय, कारण मी या ३० वर विसंबून पोळलेय. नववीच्या मुलांची गणिताची भीती, बारा प्रश्न. पायलट ४० मुलांवर, अल्फा ०.८२. गाइड खूश. मग दुसऱ्या शाळेतल्या मराठी माध्यमाच्या २६० मुलांवर मुख्य अभ्यास केला आणि अल्फा ०.५९! वर्षभराचं काम. रात्री दोन वाजता पडद्याकडे बघत बसले होते. शेवटी एकेक फॉर्म हातात घेतला तेव्हा दिसलं. एक प्रश्न होता, "मला गणिताच्या तासाला भीती वाटत नाही." एका मुलीने बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, "हो, नाही वाटत", आणि खूण केली होती "असहमत"वर. तिला म्हणायचं होतं भीती वाटत नाही, आणि नोंद झाली उलटी. असे दोन प्रश्न होते. इंग्रजीत "नॉट" असलेलं वाक्य जसंच्या तसं मराठीत उतरवलं, आणि आपल्याकडे नकाराला "हो" म्हणायचं की "नाही", हे घराघरात वेगळं असतं.

वाशी_बायोस्टॅट
बाई, तुमचा आकडा अगदी जुळतो. बारा प्रश्नांत सरासरी परस्परसंबंध ०.२५ असेल तर अल्फा ०.८०. त्यातले दोन प्रश्न सगळ्यांनी उलटे भरले, तर ६६ जोड्यांपैकी २० जोड्यांचं चिन्ह बदलतं, सरासरी ०.१० वर येते आणि अल्फा ०.५७. तुमच्या ०.८२पासून सुरुवात केली तर ०.५९च येतो, म्हणजे तुमच्याकडे जवळजवळ सगळ्यांनी उलटं भरलं असावं. पाहायची खूण एकच: `psych` मधल्या `alpha()` च्या निकालात `r.drop` चा रकाना बघा, एक प्रश्न बाकीच्या प्रश्नांशी किती जुळतो ते तिथे असतं. तिथे उणे चिन्ह असलेला प्रश्न दिसला की आधी फॉर्म काढून वाचा. `check.keys=TRUE` लावून यंत्राला चिन्ह बदलू देऊ नका, ते फक्त झाकतं.

आणि मूळ प्रश्नासाठी हेच महत्त्वाचं आहे. असे दोन प्रश्न राहिले तर १३१ जणींवर ०.४४ ते ०.६६ असा छान अरुंद पट्टा मिळेल, चुकीच्या आकड्याभोवती. माणसं वाढवून भाषांतर सुधारत नाही.

ऐरोली_मार्केट_रिसर्च
म्हणजे आता नकारार्थी प्रश्नच काढून टाका, असं म्हणणार? साफ चुकीचं. मी रोज फील्डवरचे फॉर्म बघतो. ठाणे स्टेशनबाहेर उभं राहून भरून घेतलेला फॉर्म कसा असतो माहीत आहे? सगळ्या टिका "सहमत"च्या रकान्यात, वरून खालपर्यंत एक सरळ रेघ. लोकल पकडायची असते. अशी रेघ मारणाऱ्यांमुळे अल्फा फुगतो, कारण प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. उलटा प्रश्न असला तरच ती रेघ पकडता येते. तुमचं ०.८० त्या रेघांनीच आलेलं असू शकतं.

कळवा_शिक्षिका
तुम्ही रेघ पकडता आणि खरी उत्तरं देणाऱ्या मुलांना खोटं ठरवता. माझ्या वर्गातल्या मुलीने रेघ मारली नव्हती, विचार करून उत्तर दिलं होतं. तिला तुमच्या सापळ्यात अडकवून काय मिळवलं?

ऐरोली_मार्केट_रिसर्च
मी हौसेने सापळे लावत नाही. पाच दिवस उन्हात उभं राहून माहिती गोळा करणाऱ्या पोरांचं काम वाया जाऊ नये म्हणून लावतो ते. एसीत बसून भाषांतराला नावं ठेवणं सोपं आहे.

कळवा_शिक्षिका
माझ्या शाळेत पंखेसुद्धा निम्मे बंद आहेत. शब्द जपून वापरा.

ऐरोली_मार्केट_रिसर्च
ठीक, ते वाक्य मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

वाशी_बायोस्टॅट
रेघेचा मुद्दा खरा आहे, तो मलाही मान्य करावा लागतो. पण उलटा प्रश्न "नाही" लावूनच करायला हवा असं कुठे आहे? "मला ताण जाणवत नाही" ऐवजी "ड्यूटी संपल्यावर मी निवांत असते" लिहा. अर्थ उलटा, वाक्य सरळ. तरी एवढ्याने भागेल असं मी छातीठोक सांगणार नाही. थकलेली नर्स रात्रपाळीनंतर काय वाचते ते तिच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

खारघर_एमएस्सी
धागा कुठच्या कुठे गेला. पण माझ्या प्रश्नावलीत "नाही"वाले दोन प्रश्न आहेत, आणि कालच `r.drop` बघितला. दोन्ही अधिक आहेत, ०.२१ आणि ०.१८. बाकीचे ०.४०च्या पुढे. आता माझा मूळ प्रश्न: मला फक्त ०.७०च्या वर आहे एवढंच दाखवायचंय. वरच्या टोकाशी देणंघेणं नाही. मग १३१ कशाला? सूत्र खालच्या टोकापुरतं मांडलं तर ५३ येतात.

वाशी_बायोस्टॅट
हा या धाग्यातला पहिला नेमका प्रश्न. ५३ बरोबर काढलेत: ०.३० भागिले ०.२०चा लॉग ०.४०५५, आणि 8k ऐवजी 2k घेऊन ५३. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, की ५३ जणींवरही अल्फा ०.८०च येईल. खरा अल्फा ०.८० असला तरी साधारण निम्म्या वेळा तो त्याच्या खाली येतो, आणि मग खालचं टोक ०.७०च्या खाली. म्हणजे तुम्ही नाणं उडवताय. दहापैकी आठ वेळा जमावं असं वाटत असेल तर १.९६ मध्ये ०.८४ मिळवून गणित करा, १०७ येतात. आणि तुमचा ०.८० स्वतः ३० जणींवरून आलाय. खरा ०.७५ असला तर हे १०७ही अपुरे पडतील.

ओमेगा_डोंबिवली
अल्फा मुळातच सोडा. सगळे प्रश्न सारख्याच ताकदीचे असतात हे गृहीतक कुणी तपासलंय? ते गृहीत न धरणारा ओमेगा काढा.

वाशी_बायोस्टॅट
म्हणणं खरं आहे, पण परीक्षकांनी अल्फा मागितलाय. ओमेगालाही इंटरव्हल लागतो आणि ३० जणींवर तोही असाच पसरतो.

पाचपाखाडी_काका
एक विचारतो. चारही रुग्णालयांतल्या नर्स एकाच टेबलावर बसून, एकमेकींना विचारत फॉर्म भरत असतील तर? माझ्या पोरीच्या वॉर्डात तसंच चालतं.

वाशी_बायोस्टॅट
काका, इथे तुमचा अनुभव माझ्या सूत्राच्या पुढे आहे. सूत्र प्रत्येक फॉर्म स्वतंत्र धरतं. सहा जणींनी मिळून भरले तर ते सहा फॉर्म सहाचे राहत नाहीत, आणि १३१चा पट्टा कागदावर दिसतो त्यापेक्षा खरा रुंद असतो. किती रुंद, ते चार रुग्णालयांवरून नीट काढता येणार नाही. खारघर, तुमच्या तीस जणी कशा भरत होत्या?

खारघर_एमएस्सी
दोन रुग्णालयांत एकेकट्या. बाकी दोन ठिकाणी चहाच्या वेळी, ब्रेकरूममध्ये. साधारण अठरा फॉर्म तिथले आहेत. उद्या ते वेगळे काढून बघतो.