अनुभव धागा : क्रिएटिन, मेसचा डबा आणि न हलणारा वजनकाटा

शेलाटा
उंची पाच फूट नऊ इंच, वजन ५२ किलो, वय २४. पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, दोन्ही वेळचा डबा मेसचा. जिम लावली आणि सोबत क्रिएटिन मोनोहायड्रेट सुरू केलं, रोज ३ ते ५ ग्रॅम. पहिल्या पंधरवड्यात वजन ५३.४ झालं. मी खूश, घरचे खूश. त्यानंतर काटा तिथेच रुतून बसलाय.

ज्यांनी बारीक अंगकाठीवर हा उद्योग केलाय त्यांनी आपापले अनुभव लिहा. किती वाढलं, किती दिवसांत, आणि त्यातलं खरं किती? पावडरीचे डबे विकणाऱ्यांनी कृपया पुढच्या गल्लीत जावं.

लोखंडे_सर
मी पंचावन्न किलोपासून सुरुवात केली होती, आता नवीन पोरांना शिकवतो. तुमचा आकडा अगदी अपेक्षित आहे. क्रिएटिन स्नायूंत साठतं आणि सोबत पाणी ओढून घेतं. एक-दीड किलो लवकर दिसतं ते हेच. साठा भरला की ही वाढ थांबते. क्रिएटिनमध्ये मोजण्यासारख्या कॅलरी नसतात, त्यामुळे पुढचं वजन येणार ते ताटातूनच. क्रिएटिनमुळे सेटमध्ये एक-दोन रेप्स जास्त निघतात आणि त्यातून हळूहळू मांस धरतं, एवढंच त्याचं काम.

आता डब्याचा हिशोब करू. चार पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात हे साडेसातशेच्या आसपास जातं. असे दोन डबे, सकाळचे पोहे, दोन चहा धरले तर दिवसाच्या दोन हजार कॅलरी होतात. तुमच्या उंचीच्या, जिमला जाणाऱ्या पोराला आहे तेवढं वजन टिकवायलाच जवळपास तेवढ्या लागतात. म्हणजे तुम्ही जास्त खाताय असं वाटतंय, पण खात नाही आहात. शिवाय डब्यातला भात रोज संपतो का, हेही प्रामाणिकपणे सांगा.

शेलाटा
अर्धा भात राहतो. गार झालेला मोकळा भात घशाखाली उतरत नाही हो.

लोखंडे_सर
मग भाताच्या मागे लागूच नका. पोट लवकर भरणाऱ्यांनी ढीग वाढवायचा नसतो, कमी जागेत जास्त माल बसवायचा असतो. रात्री झोपताना पाव लिटर म्हशीचं दूध आणि संध्याकाळी जिमहून आल्यावर पन्नास ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. दोन्ही मिळून पाचशेच्या वर जातं. त्यामुळे जेवणात एखादी पोळी कमी होईलच, म्हणून हातात तीनशे पडले असं धरा. तेवढ्यावर आठवड्याला पाव किलो, महिन्याला किलोभर वाढ मिळते. पहिलं वर्ष सोडलं तर पुढे तेवढीही मिळत नाही, आणि जे येतं त्यात थोडी चरबी असतेच.

वजन रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रोजचा आकडा किलोभर मागेपुढे होतो, त्यावर मूड ठरवू नका. दोन आठवडे सरासरी हलली नाही तर आणखी एक मूठ शेंगदाणे. कंबर मात्र वजनापेक्षा जोरात वाढायला लागली तर हात आखडता घ्या.

गंगावेसकर
कोल्हापुरातून. आमच्याकडं तालमीतली पोरं असलं पांढरं पीठ खात नव्हती. पहाटे जोर-बैठका, मग बदाम घोटून केलेली थंडाई, वर दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध. अंग कसं तटतटून यायचं! पावडरीनं आलेलं अंग पावडर सोडली की उतरतंय.

लोखंडे_सर
थंडाई म्हणजे कॅलरीच की हो, गंगावेसकर, त्यामुळे तुमचं अर्धं पटलं. सोडल्यावर उतरतं ते ओढलेलं पाणी, तेही महिना-दीड महिन्यात हळूहळू. खाऊन आणि वजन उचलून आलेलं, व्यायाम चालू असेल तर जागेवर राहतं. धारोष्ण दूध तेवढं उकळून प्या म्हणाव.

बायसेप_बंडू
सगळं ठीक, पण लोडिंग केलं नाही तर क्रिएटिन चढतच नाही. पहिले पाच दिवस २० ग्रॅम टाकायचं, आणि दोन महिन्यांनी ब्रेक. आमच्या ट्रेनरने सांगितलंय.

डोंबिवली_फास्ट
बंडूशेठ, मी केलं लोडिंग. २० ग्रॅम दोन वेळात संपवायचो. तिसऱ्या दिवशी पोट असं बिघडलं की धड जेवणही जाईना, म्हणजे वजन वाढवायला निघालेल्याचं उलटंच. नंतर रोज एक चमचा कोमट पाण्यात घेतला, काही त्रास नाही. साठा लोडिंगने आठवड्यात भरतो, असा घेतला तर तीन-चार आठवडे लागतात. लोकल पकडायची नाहीये आपल्याला. ब्रेक मी कधी घेतला नाही.

माझी खरी कटकट वेगळीच झाली. नोकरीच्या मेडिकलमध्ये क्रिएटिनिन १.४ आलं आणि घरात किडनी किडनी सुरू झालं. डॉक्टरांना पावडरीचं सांगितल्यावर त्यांनी ती थांबवून काही आठवड्यांनी परत तपासायला लावलं आणि सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणी केली. दोन्ही नॉर्मल. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे आकडा थोडा वर दिसू शकतो. पण हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही. तपासणीआधी सांगून मोकळं व्हावं.

मीनल_ना
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुलगा १९ वर्षांचा. चार महिन्यांत ५८ वरून ५३ वर आलाय, जेवतो मात्र नेहमीसारखा. त्यालाही क्रिएटिन सुरू करावं का? शाकाहारी आहोत, चालतं ना?

लोखंडे_सर
ताई, चालतं, ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. कॅप्सूल घेतली तर जिलेटिनची नाही ना एवढं बघा. शाकाहारी लोकांचा मूळ साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्तही जाणवतो.
पण तुमच्या मुलाला आत्ता नको. शेलाटाचं वजन वाढत नाहीये, तुमच्या मुलाचं नीट जेवून घटतंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी फिजिशियनकडे न्या. साखर, थायरॉइड, टीबी हे बघून घेऊ दे. तहान, लघवी वाढली असेल किंवा संध्याकाळचा ताप येत असेल तर उद्याच जा.

मीनल_ना
तहान वाढलीय खरी. उन्हाळा आहे म्हणून लक्ष दिलं नव्हतं. उद्या नेते.

शेलाटा
दोन महिन्यांनी लिहितोय. सरासरी ५५.२. कंबर अर्ध्या इंचाने वाढली, स्क्वॉट्सचं वजन बरंच वाढलं. शर्ट मात्र सगळे तेच बसतात, आणि ऑफिसात कुणाच्याही काही लक्षात आलेलं नाही. दूध जमलं. शेंगदाण्यांचा आता कंटाळा आलाय, म्हणून आईने कूट-गुळाचे लाडू पाठवलेत. त्यातला एक रूममेट रोज उचलतो, तो हिशोबात कसा धरायचा?

मधे गावी जाताना क्रिएटिनचा डबा इथेच विसरलो, आठ-दहा दिवस ते राहिलं. काट्यावर काही दिसलं नाही. बंडू म्हणतो परत लोडिंग कर. करू का?

डोंबिवली_फास्ट
अजिबात नको. चमचा घे आणि झोप. लाडवांना कुलूप लाव.

बायसेप_बंडू
मी तरी करेन.